‘टेन्शन घेऊ नकोस’च्या ऐवजी

ठरवून होणाऱ्या लग्नात दोन घरांच्या मध्ये एक माणूस असतो. कधी तो मामा असतो, कधी वडिलांचे जुने सहकारी, कधी वधूवर सूचक मंडळातल्या ओळखीच्या बाई. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी हा मध्यस्थ दोन्हीकडे थोडं थोडं सांगून ठेवतो. मुलाचे वडील कमी बोलतात, पण माणूस सरळ आहे. मुलीच्या आईला मधुमेह आहे, पेढ्यांचा आग्रह करू नका. जमिनीच्या वाटणीवरून घरात बिनसलंय, गावाकडचा विषय काढू नका. अशा माहितीमुळे पहिल्या भेटीतले अवघड क्षण बरेच कमी होतात. समोरचा गप्प का आहे, हे आधीच माहीत असलं की त्या गप्प बसण्याचा वाईट अर्थ निघत नाही.

मुलामुलींनी आपलं आपण जमवलं की मध्ये कुणी उरत नाही. घरातल्यांनी त्या मुलाबद्दल जे काही ऐकलेलं असतं ते मुलीकडून, आणि मुलाने त्या घराबद्दल ऐकलेलं असतं तेही तिच्याकडूनच. दोन्ही बाजू ठाऊक असलेली ती एकटीच. म्हणजे मध्यस्थाचं काम आपसूक तिच्याकडे येतं. आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये तिने ते करायचं असतं. पण बहुतेक वेळा त्या मेसेजमध्ये ‘टेन्शन घेऊ नकोस’ आणि चार हसरे चेहरे यापलीकडे काही नसतं.

घाबरलेल्या जोडीदाराला धीर देणारा आणि त्याच वेळी त्याची गोड फिरकी घेणारा मेसेज कसा लिहावा, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी पुष्कळांना ओळखीच्या वाटतील.

मुलगी कोल्हापूरची, मुलगा नागपूरचा. दोघं पुण्यात नोकरी करतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. शनिवारी सकाळी स्वारगेटहून बस धरायची, दुपारी तिच्या घरी जेवायला पोहोचायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं असं ठरलंय. तिचे वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेत. शुक्रवारी संध्याकाळी मुलाचा मेसेज येतो, ‘उद्याचं जरा धडधडतंय.’ ती लगेच लिहायला घेते:

‘टेन्शन घेऊ नकोस रे. आईबाबा एकदम कूल आहेत. तू त्यांना आवडशीलच. फक्त बाबांसमोर जपून बोल, मास्तर होते, चुका काढतात. आणि तुझं ते “करून राहिलो” एक दिवस बंद ठेव. जेवण झाल्यावर बाबांनी गंगावेशीला दूध प्यायला नेलं तर समज, पास झालास!’

मेसेज प्रेमाने लिहिलाय, यात शंका नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य मुलाच्या मनात काय करेल, ते बघायला हवं.

पहिल्या दोन वाक्यांत माहितीच नाही. दार कोण उघडेल, काय म्हणून हाक मारायची, किती वेळ बसायचं, यातलं काहीच त्याला कळत नाही. मनातली धडधड या अज्ञातातून आलेली असते, आणि ते अज्ञात तसंच राहतं. ‘तू आवडशीलच’ हे वचन तर देण्यासारखं नाही, कारण ते पाळणं तिच्या हातात नाही. उलट त्याने अपेक्षा वाढते. आता आवडलो नाही तर तिचाही शब्द खोटा पडणार, हे ओझं त्याच्या डोक्यावर चढतं.

वडिलांबद्दलचं वाक्य त्याहून अवघड. ते चुका काढतात हे कळलं, पण मग करायचं काय, हे कळलं नाही. नुसता इशारा दिला आणि वाट दाखवली नाही, तर भीतीच वाढते.

बोलण्याबद्दलची चेष्टा या मेसेजमधली सर्वांत मोठी चूक आहे. मुलगा एरवी आपल्या वऱ्हाडी बोलण्यावर स्वतःच हसत असेल, पुण्यातल्या मित्रांनी केलेली नक्कलही त्याला चालत असेल. पण उद्या अनोळखी घरात आपली भाषा ऐकून हसतील का, हीच त्याची एक भीती आहे. नेमक्या त्याच जागी बोट ठेवल्यावर तो उद्या प्रत्येक क्रियापद तोलून बोलेल. गप्प बसेल, नाहीतर पुस्तकी बोलेल, आणि दोन्हीमुळे तो जसा आहे तसा त्या घराला दिसणारच नाही.

गंगावेशीचं वाक्य वरवर सर्वांत गोड आहे. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. पाहुण्याला तिकडे नेणं हा तिथल्या माणसांचा आवडता पाहुणचार. पण ‘नेलं तर पास’ असं लिहिल्यामुळे त्या पाहुणचाराची परीक्षा होते. उद्या पाऊस आला, वडिलांचे गुडघे दुखले किंवा बसची वेळ झाली, तर दूध राहील आणि मुलाच्या मनात मात्र नापास झाल्याची खूण राहील. चेष्टेतून कधीही निकालाचं चिन्ह ठरवू नये. त्या दिवशी शंभर साध्या कारणांनी ते चिन्ह दिसायचं राहू शकतं.

लिहिताना या चुका दिसत का नाहीत, याचं एक कारण संशोधनातून कळतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ई-मेलमधल्या सुराबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली होती. आपला सूर साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखला जाईल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. नाणं उडवलं तरी ५० टक्के वेळा बरोबर येतं, हे लक्षात घेतलं तर हा आकडा किती थोडा आहे ते कळेल. हीच वाक्यं बोलून ऐकवली, तेव्हा मात्र अंदाज बराच बरोबर येत होता. लिहिणाऱ्याला आपला हसरा आवाज मनात ऐकू येत असतो. वाचणाऱ्याच्या हाती फक्त अक्षरं येतात. तो आधीच घाबरलेला असेल, तर ती अक्षरं तो भीतीच्याच सुरात वाचतो.

चेष्टेबाबत क्रुगर यांनीच २००६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. चेष्टा करणारा आपला चांगला हेतू धरून चालतो, त्यामुळे त्याला ती निरुपद्रवी वाटते. जिची चेष्टा होते त्या व्यक्तीला तो हेतू तितकासा दिसत नाही, म्हणून तिला ती जास्त लागते. मग चेष्टा करायचीच नाही का? करायची, जरूर करायची. दोघांच्या रोजच्या बोलण्यात चेष्टा असेल आणि आजच ती एकदम गायब झाली, तर उद्या खरोखर काहीतरी गंभीर आहे असं वाटेल. ओळखीची फिरकी आली की त्याला कळतं, ही निवांत आहे, म्हणजे प्रकरण इतकं अवघड नसणार. फक्त ती कशावर घ्यायची, हे निवडून घ्यावं लागतं.

त्यासाठी आधी विचारावं लागतं. आपल्या मुलीनेही पहिला मेसेज पाठवला नाही, पुसून टाकला आणि एवढंच विचारलं, ‘नेमकं कशाचं धडधडतंय? तीन गोष्टी सांग.’ ‘तीन सांग’ म्हटलं की पहिल्या सोप्या उत्तरावर थांबता येत नाही, आणि खरं उत्तर पुष्कळदा शेवटी येतं. मुलाने लिहिलं: तुझे बाबा गप्प बसले तर मी काय बोलू? माझं बोलणं ऐकून हसतील का? आणि थोड्या वेळाने, माझ्या बाबांबद्दल विचारलं तर? त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी वारलेत आणि अनोळखी माणसांसमोर तो विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो.

आता मध्यस्थाच्या कामाची दुसरी बाजू. मुलाला काही लिहिण्याआधी तिने आईला फोन केला. त्याचे वडील गेलेत, हे आईला माहीत होतं, पण बाबांना नीट सांगितलेलं नव्हतं. तिने सांगितलं, तो विषय तुम्ही काढू नका, तो बोलला तर ऐका. पगाराचा आकडा विचारू नका, तो मी तुम्हाला सांगितलाय. जेवताना दोनदा आग्रह करा, तिसऱ्यांदा नको, नाहीतर तो नको म्हणणार नाही आणि बसमध्ये हाल होतील. पाच वाजता आम्ही निघणार आहोत. हा फोन झाल्यामुळे तिच्या मेसेजमधल्या आश्वासनांना आधार मिळाला. ‘ते विचारणार नाहीत’ हे ती आता ठरलेलं म्हणून लिहू शकत होती. मग तिने लिहिलं:

‘ऐक, उद्याचा कार्यक्रम सांगते. दार आई उघडेल. त्यांना काका-काकू म्हण. दारात नमस्कार केलास तरी पुरे, वाकलास तर बाबा अर्ध्यातच धरतील.

बाबा विचारतील, “गाडीला गर्दी होती काय?” मग दहा मिनिटं काहीच विचारणार नाहीत. तो राग नाही. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांचा गोंगाट ऐकलाय, आता घरात कुणी शांत बसलं की त्यांना बरं वाटतं. तुला ती शांतता जड झाली तर पेठांच्या फुटबॉलबद्दल विचार. पुढचा पाऊण तास तुला काही बोलावं लागणार नाही. आई येऊन त्यांना थांबवेल.

बोलण्याचं म्हणशील तर आमच्या घरी आई “मी आलो, मी जातो” म्हणते. तू “येऊन राहिलो” म्हण. तुम्हा दोघांचं छान जमेल, मधल्यामधे माझंच व्याकरण बिघडेल.

तुझ्या बाबांबद्दल मी दोघांना सांगितलंय. ते विषय काढणार नाहीत. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, त्यांना ऐकायला आवडेल.

जेवायला तांबडा-पांढरा आहे. सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला मी तिखटाची काय भीती दाखवणार! फक्त “आमच्याकडे याच्या दुप्पट तिखट असतं” हे वाक्य हात धुवेपर्यंत पोटात ठेव. पाच वाजता आपण निघतोय, आईला माहीत आहे. मध्येच नकोसं झालं तर मला विचार, “चार्जर घेतलास ना?” मी पाच मिनिटांत तुला बाहेर काढते.’

हा मेसेज पहिल्यापेक्षा बराच लांब आहे आणि तो लांबच हवा. त्याची बांधणी साधी आहे: भीतीला उत्तर म्हणून एक नेमकी माहिती, तिच्यासोबत करता येण्यासारखी एक कृती, आणि शेवटी फिरकी. वडिलांच्या शांततेचं कारण आधी सांगितलं, मग ती मोडायचा उपाय दिला. फुटबॉलचा उपाय कोल्हापुरात चालण्यासारखाच आहे. तिथे पेठांमधल्या तालीम मंडळांचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने रंगतात आणि घराघरांत त्यावरून बाजू घेतल्या जातात. दुसऱ्या घरात हाच उपाय आंब्याची कलमं असेल, भजनी मंडळ असेल किंवा जुनी स्कूटर असेल. ज्या विषयावर वडील स्वतःहून बोलू लागतात, तो विषय त्यांच्या मुलीला नक्की ठाऊक असतो. तोच तिने मेसेजमध्ये लिहायचा.

आता चेष्टा कुठे पडली ते बघा. पहिली वडिलांच्या फुटबॉलवेडावर, दुसरी आईच्या बोलण्यावर आणि शेवटी स्वतःच्या व्याकरणावर. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’ म्हणतात, ही तिथली जुनी रीत आहे. मुलाची भीती ‘माझं बोलणं वेगळं आहे’ ही होती. तू ज्या घरात जातोयस तिथलं बोलणंही पुस्तकातलं नाही, हे या एका ओळीतून त्याला कळलं. त्याच्या वेगळेपणावर बोट न ठेवता ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

थेट त्याची फिरकी एकदाच घेतली, तीही सावजीवरून. तिखट खाण्याचा त्याला अभिमान आहे, त्या बाबतीत त्याला कुणाची भीती नाही. माणूस जिथे भक्कम असतो तिथे केलेली चेष्टा त्याला कौतुकासारखी लागते, आणि जिथे तो आधीच डगमगत असतो तिथे तीच चेष्टा ढकलल्यासारखी लागते. या प्रकारच्या मेसेजमध्ये एकच नियम लक्षात ठेवायचा झाला तर तो हा: त्याने सांगितलेल्या तीन भीतींवर त्याची चेष्टा करायची नाही. उंची, रंग, पगार, जात, शिक्षण, सुटलेली नोकरी यांपैकी काही त्या यादीत असेल, तर आज त्यावर हसायचं नाही, एरवी दोघं कितीही हसत असला तरी.

वडील गेल्याबद्दलच्या ओळींत काहीच हसू नाही, हेही जाणूनबुजून. सगळीकडे फिरकी पेरली तर ती गंभीर गोष्टही चेष्टेतच गेल्यासारखी वाटते. आजूबाजूला हसू आणि मध्ये ही तीन-चार सरळ वाक्यं असली, की ती मनापासून लिहिलेली आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

चार्जरचा प्रश्न बहुधा विचारावा लागणार नाही. पण बाहेर पडायची वाट आहे हे माहीत असणंच पुष्कळ असतं. फक्त मुलाने तो खरोखर विचारला, तर ‘अजून थोडं बसू या ना’ म्हणायचं नाही. लगेच उठायचं, गच्चीवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचं. दिलेली खूण एकदा पाळली गेली नाही, तर पुढच्या वेळी धीराचा कुठलाच मेसेज कामाला येत नाही.

असा मेसेज रात्री बाराला पाठवू नये. जेवणाच्या सुमारास पाठवला तर वाचायला, दोन प्रश्न विचारायला आणि मग झोपायला वेळ मिळतो. सकाळसाठी एखादी हलकी ओळ पुरते: ‘संत्रा बर्फीचा डबा बसमध्ये माझ्याजवळ देऊ नकोस, कोल्हापूरला रिकामा पोहोचेल.’ सकाळी नव्या सूचना द्यायच्या नाहीत. ‘अरे, सांगायचं राहिलं, काकासुद्धा येणार आहेत’ हे सकाळी सात वाजता कळलं, तर रात्रीची सगळी मेहनत वाया जाते. काका येणार असतील तर ते रात्रीच्याच मेसेजमध्ये हवेत.

मेसेज पोचला की नाही, हे उत्तरावरून कळतं. मुलाने उलट फिरकी घेतली, किंवा ‘फुटबॉलमध्ये काका कोणाच्या बाजूचे?’ असा बारीक प्रश्न विचारला, तर समजावं की तो आता उद्याच्या दिवसाकडे भीतीशिवाय बघू लागलाय. नुसतं ‘हं’, ‘ओके’ किंवा एक हसरा चेहरा आला, तर आणखी लिहीत बसू नये, सरळ फोन करावा. सूर आवाजात जितका पोहोचतो तितका अक्षरांत पोहोचत नाही, हे त्या प्रयोगांत दिसलंच आहे.

एका परिस्थितीत मात्र हा मेसेज लिहूच नये. आईवडिलांचा खरोखर विरोध असेल, जात किंवा धर्म वेगळा म्हणून घरात आधीच भांडण झालं असेल, किंवा येणारा मुलगा ‘ऑफिसमधला मित्र’ एवढंच त्यांना माहीत असेल, तर फिरकी घेऊन धीर देणं म्हणजे त्याला अंधारात ठेवून पाठवणं. मग आधी घरच्यांशी त्याच्या गैरहजेरीत बोलायचं, आणि त्याला खरं काय ते स्पष्ट सांगायचं: बाबा अजून तयार नाहीत, ते तुटक बोलतील, ते तुझ्या वागण्यामुळे नसेल. त्यानंतर यायचं की थांबायचं हे त्याने ठरवायचं.

आणि भेट झाल्यावरचं एक काम उरतं. परतीच्या बसमध्ये मुलगा बहुधा म्हणेल, ‘मी फारच कमी बोललो. काकूंना काय वाटलं असेल?’ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज माणसं सहसा कमीच करतात. ते प्रयोग अनोळखी माणसांवर आणि वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाले होते. मुलीचा हात मागायला आलेल्यावर नव्हे. त्यामुळे त्यावरून ‘आवडलासच’ असा निकाल देता येत नाही. पण त्याच्या मनातला आकडा खऱ्यापेक्षा खाली असण्याची शक्यता आहे, एवढं नक्की. तो वर आणायला ‘मस्त झालं रे’ पुरत नाही. घडलेलं सांगावं: बाबांनी तुला दुसऱ्यांदा चहा विचारला, ते सहसा कुणाला विचारत नाहीत. आईने तुझ्या आईचा नंबर मागितला. आणि दोन दिवसांनी घरी फोन झाला की त्यांचं म्हणणं शब्दशः सांगावं, त्यातली एखादी नावडलेली गोष्टही. ‘बाबा म्हणाले, पोरगा शांत आहे, पण नोकरी पुण्यातच राहणार का ते नीट कळलं नाही’ असं ऐकलं की पुढच्या भेटीत कोणत्या प्रश्नाचं उत्तर घेऊन जायचं, हे त्याला कळतं. आणि तिने चांगलं म्हणून सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही मग त्याचा विश्वास बसतो.